आधी विषय काढून बघ
मित्रा, तुला आवडणारा मुलगाही गे आहे का हे कळत नसेल, तर ‘तू गे आहेस का?’ असं त्याला थेट विचारू नकोस. जो लपवून जगतोय तो घाबरून नाहीच म्हणेल. चहाला दोघंच असताना प्राइड मार्चचा किंवा समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असं सांगणाऱ्या २०१८च्या कलम ३७७च्या निकालाचा विषय सहज काढ. तो खिदळला तर तिथेच थांब. ‘बरं झालं’ म्हणाला तर माणूस समजूतदार आहे, एवढंच कळलं. त्याला पुरुष आवडतात असं धरून चालू नकोस. ‘तू गेला होतास का मार्चला?’ असं त्याने आपणहून विचारलं, तर झेपेल तेवढं स्वतःबद्दल सांग. मग ‘शनिवारी दोघंच जेवायला जाऊ या?’ हे तोंडी विचार. व्हॉट्सॲपवर नको, स्क्रीनशॉट फिरतात. त्याने विषय बदलला, तर तो नकारच समज आणि पुन्हा विचारू नकोस.