ग्रोथ कर्व्ह आडवा का झाला: पेप्टोनच्या आधी हवा

प्रश्न: टी. वाय. बी. एस्सी. मायक्रोला आहे, म्हापसा. प्रॅक्टिकलला ई. कोलायचा ग्रोथ कर्व्ह काढला. २५० मिलीच्या फ्लास्कात १५० मिली न्यूट्रिअंट ब्रॉथ, त्यात १ मिली ओव्हरनाइट कल्चर, ३७ अंश, शेकर. पहिला तास ओडी हललीच नाही, मग भराभर वाढली आणि ०.९ ला आडवी झाली. पुस्तकात ‘अन्न संपतं व विषारी पदार्थ साठतात’ एवढंच आहे. व्हायव्हात ‘नक्की काय संपलं?’ विचारलं तर काय सांगू?

उत्तर:

कर्व्हकडे नुसतं बघून काय संपलं ते कळत नाही. तुमच्या फ्लास्कात मात्र पेप्टोन संपण्याच्या बऱ्याच आधी हवा कमी पडली असणार, आणि ते तुमच्याच आकड्यांवरून तपासता येतं. त्याआधी ते ०.९ खरं आहे का ते बघा.

कलरीमीटर असो वा स्पेक्ट्रोफोटोमीटर, साधारण ०.४-०.५ च्या पुढे ओडी पेशींच्या प्रमाणात वाढत नाही. गर्दी झाली की एका पेशीवरून वळलेला प्रकाश दुसरीवर आपटून पुन्हा डिटेक्टरकडे येतो आणि मीटर खरं त्यापेक्षा कमी दाखवतं. म्हणून ०.४ ओलांडलं की नमुना ताज्या ब्रॉथमध्ये दहापट पातळ करून वाचायचा आणि १० ने गुणायचं. पातळ केलेल्याची ओडी ०.१३ आली तर तुमची खरी ओडी १.३ होती. आडव्या रेषेचा काही भाग नुसता मीटरचा असतो, आणि व्हायव्हात हे सांगणारे थोडेच.

पहिल्या तासाचंही तसंच. ओव्हरनाइट कल्चरमध्ये मिलीला १०० कोटी पेशी धरा. १ मिली १५० मध्ये घातलं की मिलीला साधारण ६६ लाख उरतात. ओडी १ म्हणजे अंदाजे ८० कोटी, तेव्हा तुमची सुरुवात ०.००८ ला झाली. मीटरचा शेवटचा आकडाच ०.०१ चा. काटा ०.०३ वर ठळक दिसायला दोन दुपटी लागतात, आणि २५ मिनिटांना एक दुप्पट धरली तर जवळजवळ ५० मिनिटं पेशी वाढत असूनही तुम्हाला रेषा सपाटच दिसते. खरी लॅग किती होती ते त्या तासातल्या प्लेट काउंटवरूनच कळेल. काउंट चढत असेल तर ती लॅग नव्हे, मीटरची नजर कमी पडली.

खऱ्या लॅगमध्ये अन्न भरपूर असतं. तोकडी पडते ती पेशीची स्वतःची तयारी. रात्रभर उपाशी बसलेल्या पेशीनं रायबोझोम कमी करून ठेवलेले असतात. ताज्या ब्रॉथमध्ये पडल्यावर आधी ते पुन्हा उभे करायचे, झीज दुरुस्त करायची, मग दुभागायचं. म्हणून कल्चर जितकं जुनं, लॅग तितकी लांब. ब्रॉथ फ्रिजमधून काढून तसाच शेकरवर ठेवला तर १५० मिली ३७ अंशाला यायला लागणारा वेळही तुम्ही लॅगमध्येच मोजता. याउलट ओडी ०.२-०.३ ला असलेल्या, त्याच ब्रॉथमध्ये त्याच तापमानाला वाढणाऱ्या कल्चरमधून आधीच गरम केलेल्या ब्रॉथमध्ये इनॉक्युलम घ्या. लॅग जवळपास नाहीशी होईल.

लॉग फेजमध्ये ‘काय कमी आहे?’ याचं उत्तर ‘काहीही नाही’ असं आहे, आणि इथेच बरेच जण अडखळतात. वेग ठरतो तो माध्यमाच्या जातीवर आणि तापमानावर. तयार अमिनो आम्लं मिळाली की पेशीला ती बनवत बसावं लागत नाही. त्यामुळे एलबीमध्ये दुप्पट व्हायला सुमारे २० मिनिटं पुरतात, तर नुसतं ग्लुकोज आणि क्षार असलेल्या एम९ मध्ये तासाच्या आसपास लागतो. ग्लुकोजचं प्रमाण निम्मं केलं तरी वेग बदलत नाही, कारण ई. कोलायची ग्लुकोजची ओढ फार तीव्र आहे. वेग अर्ध्यावर यायला ग्लुकोज लिटरला काही मिलिग्रॅम किंवा त्याहूनही खाली जावं लागतं. झाक मोनोनं १९४२ मध्ये हेच नीट मांडलं: सुरुवातीची साखर ठरवते ती एकूण किती वाढ होणार ते, वेग नव्हे. एम९ मध्ये लिटरला ०.२ ग्रॅम ग्लुकोज घातलं तर साधारण ०.१ ग्रॅम कोरड्या पेशी मिळतात, म्हणजे ओडी पावच्या आसपास. तिथवर रेषा सरळ चढते आणि चाकूनं कापल्यासारखी थांबते. एकच अन्न संपलं की कोपरा असा टोकदार येतो.

तुमचा कोपरा तसा नसणार. न्यूट्रिअंट ब्रॉथमध्ये साखर जवळजवळ नसते. पेप्टोनमधली अमिनो आम्लं हेच अन्न, आणि ई. कोलाय ती एकामागून एक उचलतो, सेरीन आधी, मग इतर. त्यामुळे रेषा हळूहळू वाकते. पण त्याआधी आणखी एक वाक येतो, हवेचा.

हिशेब करून बघा. ३७ अंशाला हवेनं पूर्ण भरलेल्या पाण्यात लिटरला साधारण ६.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, म्हणजे ०.२ मिलिमोल. ओडी १ ला लिटरमध्ये सुमारे ०.४ ग्रॅम कोरड्या पेशी असतात. जोरात वाढणारी एक ग्रॅम पेशी तासाला १० मिलिमोलच्या आसपास ऑक्सिजन खाते. म्हणजे लिटरला तासाला ४ मिलिमोल, आणि साठा ०.२ चा. शेकर थांबवला तर ३ मिनिटांत संपला! (वळवाच्या दिवसांत लाईट गेली की कर्व्हला जो खळगा पडतो त्याचं कारण हेच. ओडी घेण्यासाठी शेकर बंद करून पाच मिनिटं पिपेट शोधत बसलात तरी तेच होतं.) त्यामुळे पेशींना साठ्यावर भागवता येत नाही, वरून दर मिनिटाला जेवढी हवा विरघळेल तेवढ्यावरच चालवावं लागतं. २५० च्या फ्लास्कात १५० मिली म्हणजे खोल डबकं. शेकरवर ते नीट पसरतच नाही. रिवाज फ्लास्कच्या दहाव्या ते पाचव्या हिश्श्याएवढा ब्रॉथ घ्यायचा आहे, म्हणजे तुमच्याकडे २५ ते ५० मिली. कापसाचा बोळा ओला नको. भिजलेल्या बोळ्यातून हवा नीट जात नाही.

हवा कमी पडली हे ओळखायचं कसं? समजा दुरुस्त केलेल्या ओडी दर अर्ध्या तासाला अशा आल्या: ०.०५, ०.११, ०.२४, ०.५०, ०.६८, ०.८६, १.०२. पहिल्या चार आकड्यांत प्रत्येक पुढचा मागच्याच्या दुपटीहून थोडा अधिक आहे. ती लॉग फेज. ०.५० नंतर मात्र दर वेळी साधारण ०.१८ ची भर पडते. गुणाकार संपला, बेरीज सुरू झाली. हवा दर मिनिटाला ठरावीकच आत येते, म्हणून पेशीही दर मिनिटाला ठरावीकच वाढतात. सेमीलॉग कागदावर हा भाग वाकलेला दिसतो, साध्या आलेख कागदावर सरळ रेषेत येतो. बहुतेक जर्नलांमध्ये हाच तुकडा लॉग फेजमध्ये धरून जनरेशन टाइम काढलेला असतो आणि मग तो ४०-४५ मिनिटं येतो. २५ मिली ब्रॉथ घेऊन पुन्हा काढा. सरळ बेरजेचा तो तुकडा बराच पुढे सरकला किंवा गेलाच, तर हवेचं नक्की झालं.

हवा कमी पडली की वाढ मंदावते, पण सहसा पूर्ण थांबत नाही. शेवटी थांबवलं कोणी ते शोधायला कर्व्ह आडवा झाल्यावर पीएच मोजा. पेप्टोनवर अमिनो आम्लं जाळली की अमोनिया सुटतो आणि पीएच ७.३ वरून ८ च्या पुढे चढतो. ग्लुकोज घातलेल्या, बफर नसलेल्या माध्यमात उलटं होतं: अॅसिटेटसारखी आम्लं साठून पीएच ५ च्या खाली जातो आणि साखर शिल्लक असतानाच वाढ थांबते. पुस्तकातले ‘विषारी पदार्थ’ बऱ्याचदा म्हणजे हेच, दुसरं काही गूढ नसतं.

मग १०-१० मिली कल्चर १०० मिलीच्या चार फ्लास्कांत काढा. पहिल्यात १ मिली सलाइन. दुसऱ्यात १ मिली दहापट तीव्र पेप्टोन, म्हणजे १०० मिलीत ५ ग्रॅम. तिसऱ्यात थेंबथेंब पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पीएच ७.३ ला आणा आणि सलाइननं आकारमान सारखं करा. चौथ्यात ०.१ मिली २० टक्के ग्लुकोज आणि ०.९ मिली सलाइन. सगळं निर्जंतुक. तासभर शेकरवर ठेवून दर १५ मिनिटांनी पातळ करून वाचा. पहिलाच फ्लास्क वर चढला तर अडचण नुसती हवेची होती, कारण त्यात तुम्ही थर पातळ करण्यापलीकडे काही केलं नाही. दुसरा चढला आणि पहिला नाही, तर अन्न. तिसरा एकटा चढला तर पीएच. चौथाही चढला तर नायट्रोजन शिल्लक आहे, कमी पडत होता तो जाळायला कार्बन. चौथ्याचा निकाल पहिल्या तासातच घ्या, नंतर त्यात आम्ल साठून गोंधळ होतो. सलाइनचा फ्लास्क गाळू नका, नाहीतर पातळ झाल्यामुळे काय घडलं आणि घातलेल्या पदार्थामुळे काय, हे वेगळं करता येणार नाही.

डेथ फेजबद्दल एवढंच, की ओडीवर ती दिसेलच असं नाही. मेलेली पेशीही फुटेपर्यंत प्रकाश विखुरतेच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओडी जिथल्या तिथे आणि काउंट दहापट, शंभरपट खाली, असं सर्रास होतं. प्लेट काउंटसाठी डायल्यूशन ०.८५ टक्के सलाइनमध्येच करा. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये उपाशी, अर्धमेल्या पेशी नळीतच जातात आणि तो मृत्यू तुम्ही फ्लास्कच्या नावावर लिहिता.