द्राक्षबागेच्या मॅपिंगआधी चढ बघ

दिंडोरीकडची तीन एकरांची बाग ड्रोनने मॅप करायची म्हणतोस ना, मग आधी जमिनीचा चढ बघ. ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा लष्करी भाग जवळ असल्याने डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशात उड्डाणाचा झोन तपासणं आलंच.

तुझा कॅमेरा एक इंची सेन्सरचा, वीस मेगापिक्सेलचा. ६० मीटरवरून एका फोटोत साधारण ९० बाय ६० मीटर जमीन येते आणि एक पिक्सेल दीड-पावणेदोन सेंटिमीटरचा पडतो. बाजूचा ओव्हरलॅप, म्हणजे शेजारच्या फोटोंत सामाईक येणारा भाग, ७५ टक्के धरला तर उड्डाणाच्या दोन ओळींत साडेबावीस मीटर अंतर राहतं. पण ही उंची ड्रोन जिथून उडतो तिथपासूनची. बागेचं वरचं टोक १५ मीटर उंच असेल तर तिथे ड्रोन जमिनीपासून ४५ मीटरवरच असतो, फोटोची रुंदी साडेसदुसष्टवर येते आणि ओव्हरलॅप ६७ टक्केच उरतो. मांडव सगळीकडे सारखाच दिसतो, त्यामुळे फोटो जोडणारं सॉफ्टवेअर नेमकं तिथेच चुकतं, नकाशात भोकं पडतात. मी एकदा असाच अख्खा तुकडा पुन्हा उडवला. म्हणून चढाप्रमाणे ड्रोनची उंची बदलणारा टेरेन फॉलो लाव, नाहीतर ओव्हरलॅप ८०-८५ ठेव.

कंट्रोल पॉइंट, म्हणजे जागा अचूक मोजलेल्या जमिनीवरच्या खुणा, पाच पुरे: चार कोपऱ्यांजवळ, एक मध्ये. सगळे सपाटीवर नकोत, चढावरही हवेत. वेलींखाली लावलेला मार्कर वरून दिसत नाही, तेव्हा बांधावर किंवा गाडीवाटेवर चुन्याने अर्ध्या मीटरची फुली मार. सहावा पॉइंट मोजून ठेव, पण प्रोसेसिंगला देऊ नकोस. नकाशा किती चुकला ते तोच सांगतो.