सूट सोडवते, दंड सोसवत नाही

प्रश्न : मुलगी यंदा अकरावीला जाईल. घराजवळ दोन क्लास आहेत, शिकवणं दोन्हीकडे चांगलं. पहिल्याची फी 60,000; 31 मेपर्यंत भरली तर 6,000 सूट. दुसऱ्याची फी 54,000, पण 31 मेनंतर भरली तर 6,000 लेट फी. हे म्हणतात, पहिला बरा, तिथे निदान सूट तरी देतात. दुसरा आत्तापासूनच दंडाची भाषा करतोय. पैसे एका वर्षाच्या एफडीत आहेत, 1 लाख, 7 टक्के; मुदत 31 ऑगस्टला संपते. मोडायचं जिवावर येतं. पहिल्या क्लासला सूट सोडून सप्टेंबरात पैसे भरले तर चालेल ना? – एक वाचक, सातारा

उत्तर :

नमस्कार ताई,

सूट सोडू नका आणि एफडीही मोडू नका. दोन्ही साधतं, ते कसं ते पुढे सांगतो. आधी दोन्ही क्लासची पत्रकं शेजारी ठेवून बघा. मेअखेर भरले तर दोन्हीकडे 54,000, नंतर भरले तर दोन्हीकडे 60,000. रकमेत एका रुपयाचाही फरक नाही. फरक आहे तो मोजायला कुठून सुरुवात केली याचा. पहिल्याने 60,000 ही ‘खरी फी’ म्हणून छापली, म्हणून 54,000 ही कमाई वाटते. दुसऱ्याने 54,000 छापली, म्हणून 60,000 म्हणजे खिशातून गेलेले पैसे वाटतात.

तुमच्या यजमानांना जे वाटलं ते बहुतेकांना वाटतं. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच मांडलं होतं की तेवढ्याच रकमेच्या फायद्याने जितका आनंद होतो, त्याहून तिच्या तोट्याने होणारा त्रास जास्त असतो. पण याचा मला सगळ्यात आवडणारा दाखला अर्थशास्त्रज्ञांच्याच एका परिषदेचा आहे. सायमन गेश्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2009 मध्ये प्रसिद्ध केला. नोंदणीचं शुल्क सगळ्यांना सारखंच होतं. फक्त काहींना ‘लवकर नोंदणी केल्यास सवलत’ असं कळवलं आणि काहींना ‘उशीर केल्यास दंड’ असं. पीएच.डी. करणाऱ्या तरुण मंडळींपैकी सवलतीच्या भाषेने 67 टक्क्यांनी वेळेत नोंदणी केली, दंडाच्या भाषेने 93 टक्क्यांनी. ज्येष्ठ प्राध्यापकांवर मात्र शब्दांचा फारसा परिणाम झाला नाही. ही मुलं याच विषयात डॉक्टरेट करत होती, तेव्हा आपण वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

आता तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य पुन्हा बघा. ‘सूट सोडून सप्टेंबरात भरले तर चालेल ना’ हे तुम्ही सहज विचारलंत. ‘6,000 दंड भरून सप्टेंबरात भरले तर चालेल ना’ असं तुम्ही विचारलं असतं? सूट ‘सोडता’ येते, कारण ती अजून हातात आलेलीच नसते. दंड मात्र ‘भरावा’ लागतो. माझा अनुभव असा की दंडाच्या भाषेने माणसं घाबरून पैसे भरतात खरे, पण घरातले जास्त पैसे सूट सोडून देण्यात जातात, कारण त्याची बोच लागत नाही आणि हिशेबाच्या वहीत ते कुठे दिसतही नाहीत.

म्हणून सूट असो की दंड, मी एकच आकडेमोड करतो. मेअखेर 54,000 न देता तीन महिन्यांनी 60,000 देणं म्हणजे क्लासकडून 54,000 तीन महिन्यांसाठी उसने घेणं आणि त्यावर 6,000 व्याज देणं. 54,000 वर 6,000 म्हणजे 11.1 टक्के, तेही फक्त तीन महिन्यांचे. वर्षाच्या हिशेबाने सरळव्याजाचा दर 44 टक्क्यांवर जातो. ‘10 टक्के सूट’ या शब्दांत हा दर कुठेच दिसत नाही. तुमची एफडी 7 टक्के देते, तेव्हा 44 टक्क्यांची उधारी परवडणार नाही.

तर 54,000 आणायचे कुठून? एफडी मोडली तर ती नऊच महिने चालली असं धरून बँक त्या मुदतीचा दर लावते आणि त्यातून बहुधा अर्धा ते 1 टक्का कापते. समजा हातात 5 टक्के पडले, तर नऊ महिन्यांचं व्याज 3,750. मुदत पुरी केली असती तर ढोबळमानाने 7,000 मिळाले असते. उरलेले 46,000 तीन महिने बचत खात्यात थोडं व्याज मिळवतील ते धरलं, तरी मोडण्याची किंमत तीन हजारांच्या आसपास जाते. 6,000 वाचतात, म्हणजे मोडूनही फायदाच आहे, पण अर्धा.

त्यापेक्षा एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून तेवढ्यापुरते पैसे उचला. बहुतेक बँका ठेवीच्या 90 टक्क्यांपर्यंत तो देतात आणि दर एफडीच्या दरापेक्षा साधारण 1 टक्का जास्त असतो. 8 टक्के धरले तर 54,000 वर तीन महिन्यांचं व्याज 1,080. एफडी आपली चालू राहते आणि 31 ऑगस्टला मुदत संपली की तिच्यातूनच ओव्हरड्राफ्ट फेडायचा. 1,080 देऊन 6,000 वाचतात, निव्वळ 4,920. इथे घरात ‘कर्ज काढून फी भरायची?’ असा सूर निघेल, कारण 1,080 चं व्याज पासबुकात छापून येतं. सूट सोडली तर तुम्ही क्लासचे कर्जदार होताच, फक्त त्याची नोंद कुठे होत नाही.

हीच आकडेमोड कधीकधी उलटही निघते. समजा सूट 1 टक्काच, म्हणजे 600 रुपये असती. 59,400 वर ओव्हरड्राफ्टचं तीन महिन्यांचं व्याज होतं 1,188. तेव्हा मी सप्टेंबरातच भरा म्हटलं असतं, त्या 600 ला पत्रकात ‘लेट फी’ म्हटलेलं असलं तरी.

राहिला प्रश्न कोणता क्लास. रक्कम सारखी असली तरी छापील फी कुठे धरली जाते ते आत जाऊन विचारा. क्लास मध्येच सोडावा लागला तर परतावा कशावर मोजणार? अर्ध्या वर्षावर सोडला आणि पहिल्याने वापर छापील 60,000 वर धरला, तर 30,000 वजा करून 24,000 हातात येतील. दुसऱ्याकडे अर्धे म्हणजे 27,000. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत करावी असं म्हटलंय, पण पावतीवर काय लिहिलंय ते पाहून घ्या. बारावीची फीवाढही छापील आकड्यावरच होते : 10 टक्के वाढ म्हणजे एकीकडे 66,000, दुसरीकडे 59,400. पहिल्याकडे सूट पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही. 18 टक्के जीएसटी आकड्यात धरलाय का, आणि दुसऱ्याची लेट फी एकदाच की दर महिन्याला, हेही लेखी घ्या. ही उत्तरं सारखी निघाली तर मुलीला बसमधून उतरून कमी चालावं लागेल तो क्लास घ्या. नाहीतर मला दुसरा बरा वाटतो.

बँकेत 20 मेच्या सुमारास जा, म्हणजे ओव्हरड्राफ्ट वेळेत चालू होईल. एफडीला ऑटो-रिन्यूअल असेल तर त्याच फेरीत ते बंद करून घ्या. नाहीतर 31 ऑगस्टला एफडी आपोआप पुढे सरकेल आणि ओव्हरड्राफ्टचं व्याज चालूच राहील.