एलओआरला नाही म्हणताना वेळेचं कारण देऊ नका

प्रश्न: "मी पवईतल्या एका आयटी कंपनीत टेक लीड आहे. मावशीच्या कांदिवलीच्या सोसायटीतला एक मुलगा आमच्याच कंपनीत, पण दुसऱ्या टीममध्ये आहे. मागच्या वर्षी एका रिलीजच्या वेळी तो तीन आठवडे आमच्याकडे होता, तेवढीच ओळख. आता तो अमेरिकेत एमएससाठी अर्ज करतोय आणि माझ्याकडे एलओआर म्हणजे शिफारसपत्र मागतोय. १५ डिसेंबरची डेडलाइन आहे. मुलगा चांगला आहे, पण त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं मला काही माहीत नाही. मावशीचाही फोन येऊन गेला. त्याला वाईट न वाटू देता नाही कसं म्हणू?"

ताई, त्याला आतापर्यंत काय उत्तर गेलंय तुमच्याकडून? ‘बघते’ असं म्हटलं असेल तर ते आजच्या आज मागे घ्या. आपल्याकडे ‘बघते’ म्हणजे होकारच धरतात. तो पोर्टलवर तुमचं नाव आणि ऑफिसचा ईमेल टाकून मोकळा होईल, आणि मग नाही म्हणणं दुप्पट अवघड.

मी उपनगरातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात बावीस वर्षं शिकवलं. दिवाळीची सुट्टी संपली की केबिनबाहेर एलओआरवाल्यांची रांग लागायची. त्यातल्या निम्म्यांची मला फक्त हजेरीपटातून ओळख असायची. सुरुवातीची बरीच वर्षं मी त्यांना टाळायला हमखास एकच सांगायचे, ‘अरे, पेपर तपासणी चालू आहे, वेळ नाही.’ दुसऱ्या दिवशी तोच मुलगा हसतमुखाने हजर. ‘मॅडम, तुमचा वेळ जाणार नाही. ड्राफ्ट करून, लेटरहेडवर प्रिंट काढून आणलंय. फक्त सही.’ आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच होतं. अडचण वेळेची आहे असं मीच सांगितलं होतं, त्याने ती सोडवली. आता मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

अशा बऱ्याच सह्या मी केल्या. मग एकदा स्टाफरूममध्ये चहा पिताना एक सहकारी मॅडम सहीला आलेलं पत्र वाचत होत्या. ‘अवघड संकल्पना तो चुटकीसरशी आत्मसात करतो आणि वर्गमित्रांनाही समजावून सांगतो.’ हे वाक्य मी आदल्याच आठवड्यात सही केलेल्या पत्रात वाचलं होतं. मुलं वेगळी, विषय वेगळे, वाक्य स्वल्पविरामासकट एकच. दोघंही एकाच क्लासला जात होते आणि ड्राफ्ट तिथूनच निघाले होते. वर दोघांचा अर्ज एकाच विद्यापीठाला. दोघांनाही तिथून नकार आला. त्याचं कारण हेच होतं का ते कुणी कळवत नाही, पण खाली सही माझी होती, एवढं मला पुरलं.

तेव्हा पहिला मुद्दा हा की कारण असं द्या, जे समोरच्याला सोडवता येणार नाही. वेळ नाही म्हणालात तर तो ड्राफ्ट आणेल. इंग्रजी चांगलं नाही म्हणालात तर क्लासवाल्याकडून आणेल. ‘सध्या जमणार नाही’ म्हणालात तर आठवड्याने परत विचारेल, त्याच्याकडे ३१ डिसेंबरवाली दोन विद्यापीठं शिल्लक असतातच. ‘मी तुझं काम पाहिलेलं नाही’ यावर मात्र त्याच्याकडे उत्तर नाही. शिवाय तेच खरं आहे, आणि त्यात त्याची निंदाही नाही. काम वाईट होतं असं तुम्ही म्हणतच नाही.

हे कारण त्याला पटवायचं तर फॉर्म कसा असतो ते त्याला सांगावं लागतं. बहुतेकांना वाटतं एलओआर म्हणजे एक पानभर कौतुक. प्रत्यक्षात तुम्हाला ईमेलवर लिंक येते, आणि पत्र अपलोड करण्याआधी बऱ्याच विद्यापीठांचा फॉर्म विचारतो की अर्जदाराला किती काळ ओळखता आणि कोणत्या नात्याने. त्याच्याखाली अनेकदा एक तक्ता असतो. विश्लेषणशक्ती, लेखन, स्वतंत्रपणे काम करण्याची क्षमता असे गुण, आणि समोर वरच्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत, २५ टक्क्यांत अशा खुणा. शेवटचा रकाना ‘सांगता येत नाही’. तीन आठवड्यांच्या ओळखीवर तुम्ही खरं भरायला बसलात तर अर्ध्याहून अधिक खुणा त्या शेवटच्या रकान्यात पडतील. साधारणपणे पत्रं तीन मागतात, त्यातलं एक असं गेलं तर नुकसान त्याचंच. आणि सगळीकडे वरचे ५ टक्के भरलंत, तर वर ‘तीन आठवडे, दुसऱ्या टीममधून तात्पुरता’ हे लिहिलेलं असताना ते कोण खरं मानेल?

काहीजण मधला मार्ग काढतात. हो म्हणायचं आणि कोमट पत्र द्यायचं. अमेरिकेत फर्पा नावाचा १९७४चा कायदा आहे, त्यानुसार प्रवेश घेऊन तिथे शिकायला लागलेल्या विद्यार्थ्याला आपली पत्रं पाहायचा हक्क असतो. पण अर्ज भरतानाच बहुतेक मुलं तो सोडून देतात, म्हणजे पत्र मोकळेपणाने लिहिलंय असं वाचणाऱ्याला वाटावं. त्यामुळे तुमचं कोमट पत्र त्याला कधी दिसणारच नाही. तोंडावर नाही म्हटलं असतं तर तो दुसरा माणूस शोधू शकला असता, इथे तर त्याला पत्ताच लागत नाही. मला हा प्रकार नकारापेक्षा फार वाईट वाटतो.

मेसेज पाठवण्याआधी दहा मिनिटं एक करून बघा. त्या तीन आठवड्यांत त्याने केलेली, तुम्ही स्वतः पाहिलेली एक गोष्ट कागदावर लिहा. विशेषणं नकोत, फक्त काय घडलं. उदाहरणार्थ, ‘रिलीजच्या रात्री पेमेंटच्या नोंदी दोनदा पडत होत्या. सगळे डेटाबेस तपासत होते. याने लॉगमधल्या वेळा जुळवून दाखवलं की विनंतीच दोनदा येतेय.’ असं काही आठवलं तर तीन आठवडेही पुरतात, आणि मग तुम्ही नाही म्हणू नका; ओळख किती ते स्पष्ट लिहून ती एकच गोष्ट नीट सांगा. माझ्याकडे एकदा एक मुलगी आली होती, जिला मी जेमतेम सहा प्रॅक्टिकल शिकवली होती. तिने एकात चुकलेलं सर्किट फेकून न देता चूक कुठे होती त्याचं पानभर टिपण काढलं होतं, ते मला लख्ख आठवत होतं. तिला मी पत्र दिलं. पण आठवून आठवून ‘सगळ्यांसाठी वडापाव तो आणायचा’ एवढंच हाती लागलं, तर तुमचं उत्तर ठरलं.

मेसेज मी साधारण असा लिहीन:

"एलओआरसाठी माझा विचार केलास, बरं वाटलं. पण हे पत्र मी देऊ शकणार नाही. आपण रिलीजच्या वेळी तीनच आठवडे एकत्र होतो आणि तुझं काम मी स्वतः तपासलेलं नाही. फॉर्ममध्ये किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता हे विचारतात, इतरांशी तुलना करून खुणाही करायला लावतात. मला त्या खऱ्या भरता येणार नाहीत आणि तुझ्या तीनातलं एक पत्र कच्चं जाईल. ज्यांनी तुझं काम जवळून पाहिलंय अशांना आजच विचार. कुणाला विचारावं आणि त्यांना काय पाठवावं हे ठरवायला शनिवारी फोन कर, अर्धा तास बसू."

नकार दुसऱ्याच वाक्यात आहे, कारण तीन ओळी प्रस्तावना वाचताना माणूस होकाराची वाट बघत असतो. ‘माझ्यापेक्षा योग्य लोक आहेत’ हे मुद्दाम घातलेलं नाही. त्यावर ‘नाही ताई, तुम्हीच’ असं उत्तर ठरलेलं आहे. सॉरी एकदाही नाही. वाटलं तर एकदा घाला, तीनदा घातलंत तर तुमचा निर्णय कच्चा आहे असं दिसेल.

शनिवारच्या फोनवर खरी गोष्ट बाहेर येईल. स्वतःच्या लीडला सोडून तो तीन आठवड्यांच्या ओळखीवर तुमच्याकडे का आला? माझा अंदाज, त्याला आपण जाणार हे टीममध्ये कळू द्यायचं नाही. अप्रेझल, बोनस, काहीही असेल. ही भीती खोटी नाही, तिला हसू नका. पण तिच्यावर तुमचं पत्र हा उपाय नाही. बी.ई.च्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट गाइड हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित माणूस. त्याने वर्षभर या मुलाला पाहिलेलं असतं, आणि एमएसला कॉलेजमधली पत्रं उत्तम चालतात. दुसरा म्हणजे कंपनी सोडून गेलेला त्याचा आधीचा लीड. तो आता कुणाला सांगणार नाही आणि काम त्याने पाहिलेलं आहे. जो कोणी असेल त्याला रिझ्यूमे, प्रोजेक्टचा अहवाल आणि ‘तुमच्याकडे मी काय केलं’ याच्या चार-पाच ओळी पाठवायला सांगा. पत्र लिहिणाऱ्याची आठवण जागी करायला तेवढं लागतं. तयार ड्राफ्ट नको.

आणि तो तुम्हालाच म्हणालाच, ‘ताई, मी लिहून पाठवतो, तुम्ही फक्त अपलोड करा’, तर एवढंच सांगा, ‘अरे, अडचण लिहिण्याची नाहीच आहे. मी जे पाहिलं नाही त्याच्याखाली माझं नाव येईल.’ इथे आवाज चढवायची गरज नाही, आणि नवं कारण तर अजिबात जोडू नका. दुसरं कारण दिलंत की पहिलं खोटं वाटायला लागतं.

मावशीला त्याच्याआधी फोन करू नका. आधी मुलाला सांगा, त्याच संध्याकाळी मावशीला. नाहीतर नकार त्याला लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंकडून कळेल. मावशी म्हणेल, ‘अगं, दोन ओळी तर लिहायच्यात.’ तिला फर्पा आणि टक्के सांगत बसू नका. ‘मावशी, ज्याच्या हातचं कधी खाल्लं नाही त्याच्या स्वयंपाकाची हमी मी कशी देऊ? त्याला योग्य माणूस गाठून देतेय, शनिवारी बसतोय आम्ही.’ हे तिला लगेच कळेल, आणि सोसायटीत सांगायला तिच्याकडेही काहीतरी राहील.

एक शक्यता उरते, की त्याने तुमचं नाव आधीच टाकलंय आणि लिंक आलेली आहे. ती तशीच सोडू नका, आठवणीचे ईमेल येत राहतील आणि त्याला वाटेल तुम्ही लिहिताय. बऱ्याच पोर्टलवर त्या लिंकमध्येच नकार द्यायची सोय असते, ती वापरा. तुम्ही काही अपलोड केलेलं नसेल तर त्यालाही सहसा तिथे दुसरं नाव घालता येतं. पोर्टल त्याला वेळेवर कळवेलच या भरवशावर राहू नका, वरचा मेसेज तरीही पाठवा, आणि दुसऱ्या माणसाला निदान दोन आठवडे मिळतील असा पाठवा.