मला घड्याळात सारखं 11:11 च का दिसतं? बिलं पण 444 ची येतात, काही संकेत आहे का?

संकेत वगैरे काही नाही हो, हिशोब करून बघा. बारा तासांच्या घड्याळात 720 मिनिटं, त्यात 01:01 पासून 12:12 पर्यंतच्या बारा जोड्या, 1:11 ते 5:55 हे पाच आणि वर 12:34, म्हणजे 18 "खास" वेळा झाल्या, चाळीसात एक. दिवसातून 80 वेळा मोबाईल बघितला तर दोनेकदा असलं काहीतरी दिसणारच, आणि 10:47 दिसलं तर ते कोण लक्षात ठेवतंय?

अंकशास्त्रवाले 11 ला मास्टर नंबर म्हणतात, तो मोडून 2 करत नाहीत. पण तेच 11:11 चे चार एक मिळवले की 4 येतो, आणि 444 चे 12, मग 3. म्हणजे जसा अर्थ हवा तसा काढायचा 😄

एकदा मनात बसलं की तेच जास्त दिसायला लागतं, याला 2005 मध्ये आर्नल्ड झ्विकी या भाषाशास्त्रज्ञाने फ्रिक्वेन्सी इल्यूजन असं नाव दिलं. मी स्वतः आठवडाभर घड्याळ बघितलं की प्रत्येक वेळ वहीत लिहायचो, साध्या वेळाच ढीगभर निघाल्या.