आधी वायर तपासा, कॅमेरा नंतर ठरवा

प्रश्न: जळगावात आमची पार्किंग अधिक तीन मजल्यांची, १२ फ्लॅटची बिल्डिंग आहे. दहा वर्षांपूर्वीचे ८ कॅमेरे आहेत, चेहरा ओळखू येत नाही आणि डीव्हीआर अधूनमधून बंद पडतो. एक इन्स्टॉलर म्हणतो, आहे त्याच वायरवर एचडी कॅमेरे बसवू. दुसरा म्हणतो, सगळं काढून आयपी करा, आणि त्याचं कोटेशन जवळपास दुप्पट आहे. काय करावं?

उत्तर:

मी भुसावळ-जळगाव पट्ट्यात हेच काम करतो, म्हणून आधी मत सांगून टाकतो. तुमच्या आठ लाइनींपैकी ज्या धडधाकट आहेत त्यांवर कोॲक्सवरचे, म्हणजे जुन्या व्हिडिओ केबलवर चालणारे, एचडी कॅमेरे बसवा. ज्या कुजल्या आहेत तिथे आणि गेटवर नवी कॅट-सिक्स ही नेटवर्कची केबल ओढून आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारे कॅमेरे, लावा, आणि रेकॉर्डर दोन्ही प्रकार घेणारा घ्या. कोणत्या लाइनी धडधाकट आहेत हे मात्र तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. दोघांपैकी एकानेही वायर उघडून पाहिल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे दोन्ही कोटेशनं अंदाजाने दिलेली दिसतात.

दहा वर्षांपूर्वी आपल्याकडच्या बहुतेक बिल्डिंगींमध्ये थ्री-प्लस-वन केबल पडली आहे. तिच्यात चित्रासाठी एक बारीक कोॲक्स आणि पॉवरसाठी तीन बारीक तारा असतात. कॅमेऱ्याकडचं एक टोक सोला आणि ब्लेडने तार खरवडून बघा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली, तर ते ॲल्युमिनियमवर तांब्याचं पाणी आहे. कोॲक्सच्या मधल्या तारेला लोहचुंबक चिकटलं, तर आत पोलाद आहे. तार अस्सल तांब्याची असेल, तर तुमचा निम्मा खर्च वाचण्याची शक्यता आहे.

आता पॉवरचं गणित, कारण जुन्या वायरवर नवे कॅमेरे बहुतेक वेळा इथेच मार खातात. अमळनेरच्या एका सोसायटीने नवे एचडी कॅमेरे बसवून घेतले होते. मागच्या कंपाउंडचा कॅमेरा रोज अंधार पडला की बंद व्हायचा. तिथले चेअरमन काका म्हणाले, "दिनभर चालस, रातलेच बंद पडस भाऊ!" इन्स्टॉलरने दोनदा कॅमेरा बदलून दिला होता, पण दोष कॅमेऱ्यात नव्हताच. ती लाइन सुमारे ६० मीटरची, पॉवरची तार ०.२ चौरस मिलिमीटरची. अशा तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०८६ ओहम. जाऊन-येऊन १२० मीटर धरले, की सव्वादहा ओहम होतात. दिवसा कॅमेरा ०.१५ अँपिअर घेतो, म्हणजे १२ पैकी दीड व्होल्ट वाटेत जातो आणि कॅमेऱ्याला साडेदहाच्या आसपास मिळतात. तेवढ्यावर तो चालतो. रात्री इन्फ्रारेडचे दिवे लागले, की तोच कॅमेरा ०.३५ अँपिअर ओढतो. मग साडेतीन व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच जातात, कॅमेऱ्याच्या तोंडाशी जेमतेम साडेआठ उरतात आणि तो झोपतो. दिवे विझले की व्होल्टेज वर येतं, तो पुन्हा उठतो, दिवे लागतात, पुन्हा झोपतो. तार ॲल्युमिनियमची असेल, तर नुकसान आणखी दीडपटीच्या वर जातं.

म्हणून तपासणी रात्री करायची. कॅमेरा चालू, इन्फ्रारेड लागलेलं आणि मल्टीमीटर कॅमेऱ्याच्या पॉवर जॅकजवळ. ११ च्या वर आकडा आला तर निवांत राहा. ९ ते १० च्या घरात असेल, तर त्या लाइनची पॉवर जवळच्या पॉइंटवरून वेगळी द्यावी लागेल. काही जण एसएमपीएसचा, म्हणजे कॅमेऱ्यांना पॉवर देणाऱ्या डब्याचा, स्क्रू फिरवून व्होल्टेज १३ च्या पुढे नेतात. त्याने लांबचा कॅमेरा जगतो, पण त्याच एसएमपीएसवर पाच मीटरवर असलेल्या कॅमेऱ्याला फुकटचा जास्त व्होल्टेज सोसावा लागतो.

चित्राची परीक्षा याहून सोपी आहे. इन्स्टॉलरला सांगा, एक दोन मेगापिक्सेलचा डेमो कॅमेरा आण, सगळ्यात लांबच्या लाइनच्या टोकाला जोड आणि एक रात्र राहू दे. जुन्या कॅमेऱ्याचा सिग्नल सहा मेगाहर्ट्झच्या आसपास असायचा, एचडीचा त्याच्या कितीतरी पट वर जातो. त्यामुळे मध्येच पीळ देऊन टेप गुंडाळलेला जो सांधा जुन्या चित्राने दहा वर्षं चालवून घेतला, तोच सांधा एचडीत गेटच्या खांबाशेजारी खांबाची सावली काढतो. रंग फिके पडले किंवा कडा मऊ दिसायला लागल्या, तर लाइन लांब किंवा तार हलकी आहे. चित्रावर आडवे पट्टे वर सरकत असतील, तर अर्थिंगचा किंवा एसएमपीएसचा घोळ आहे, त्यासाठी वायर बदलू नका. पाण्याची मोटर चालू होताना चित्र उडतं का, हेही बघून घ्या. मोटरच्या वायरबरोबर एकाच पाइपातून कॅमेऱ्याची वायर नेलेली असणं आपल्याकडे नवलाचं नाही.

जुन्या थ्री-प्लस-वनवर पाच किंवा आठ मेगापिक्सेलच्या नादी लागू नका. दोन मेगापिक्सेल स्वच्छ मिळाले तर पुष्कळ आहेत.

आता चेहऱ्याचा मुद्दा. लोकांना वाटतं, आयपी केलं की चेहरा आपोआप दिसेल. चेहरा दिसतो तो लेन्समुळे. अनोळखी माणसाची ओळख पटवायला चित्रात दर मीटरला सुमारे २५० पिक्सेल लागतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. गेटपासून सहा मीटरवर २.८ मिलिमीटरची लेन्स लावली, तर साधारण १५ मीटर रुंदी चित्रात येते, म्हणजे मीटरला सव्वाशेच पिक्सेल. तिथेच ६ मिलिमीटरची लेन्स लावा, रुंदी सहा मीटरच्या आसपास येईल आणि मीटरला तीनशेच्या वर पिक्सेल मिळतील. हा हिशोब आयपी आणि कोॲक्स दोघांनाही सारखाच लागू आहे. बाजारात सरसकट २.८ किंवा ३.६ ची लेन्स देतात, कारण चित्रात पूर्ण आवार दिसलं की गिऱ्हाईक खूश होतं.

कोॲक्सच्या बाजूला एक खोट मात्र आहे, ती कोटेशनमध्ये दिसत नाही. स्वस्तातले डीव्हीआर खोक्यावर एचडी लिहितात आणि रेकॉर्ड करतात 1080N मध्ये. म्हणजे १९२० ऐवजी ९६० पिक्सेल रुंदी; उभे पिक्सेल तेवढेच, आडवे निम्मे. तुमचे तीनशे पिक्सेल तिथेच दीडशे-एकशेसाठवर येतात. लाइव्ह चित्र छान दिसतं, पण चोरी झाल्यावर रेकॉर्डिंग काढलं की चेहऱ्याच्या जागी डाग दिसतो. डीव्हीआर घेण्याआधी त्याच्या एन्कोड सेटिंगमध्ये जाऊन आठही चॅनेलवर 1920x1080 निवडता येतं का आणि किती फ्रेमला, ते डोळ्यांनी बघा. १२ किंवा १५ फ्रेम मिळत असतील तर चालेल, पार्किंगला तेवढ्या पुरतात. हार्डडिस्क दोन्हीकडे सारखीच लागते. व्हिडिओ दाबून साठवण्याच्या एच.२६५ पद्धतीत कॅमेऱ्यामागे सेकंदाला २ मेगाबिट धरले, तर आठ कॅमेऱ्यांचे दिवसाला सुमारे १७३ जीबी होतात. ४ टीबीत २३ दिवस बसतात.

आयपी कुठे खरोखर भारी पडतं? जिथे वायर नाहीतरी नवीनच टाकायची आहे तिथे. कॅट-सिक्सवर पीओईने, म्हणजे चित्राच्याच केबलमधून, पॉवर ४८ व्होल्टच्या आसपास जाते. पाच वॅटचा कॅमेरा तेव्हा जेमतेम ०.१ अँपिअर घेतो, आणि त्याच ६० मीटरमध्ये अर्धा व्होल्टही पडत नाही. अमळनेरचा आजार इथे होतच नाही. मर्यादा १०० मीटरची, ती तुमच्या बिल्डिंगला आड येणार नाही. गेटला चार मेगापिक्सेल लावून नंबर प्लेट धरायची असेल, तरी हाच मार्ग बरा. फक्त केबलच्या वेष्टनावर काहीही छापलेलं असो, तीच ब्लेडची परीक्षा इथेही घ्या. ॲल्युमिनियमवाली कॅट-सिक्स बाजारात भरपूर आहे. उन्हात जाणारा भाग बाहेरच्या वापरासाठीच्या काळ्या वेष्टनाचा घ्या, आणि प्लग पावसात उघडा लटकवू देऊ नका, पाणी न शिरणारा डबा लावायला सांगा.

आणि नवी वायर ओढायची झाली, तर कॅमेरा कोणताही असो, कोॲक्स ओढू नका. कॅट-सिक्सवर दोन्ही टोकांना व्हिडिओ बलून नावाचे छोटे जोड लावून आज कोॲक्सचा एचडी कॅमेराही चालवता येतो, उद्या आयपी करायचं झालं तर भिंतीला हात लागत नाही. उलट्या बाजूने, जुन्या कोॲक्सवर आयपी चालवणारे कन्व्हर्टर मिळतात. पण प्रत्येक लाइनला जोडी लागते आणि केबलचे वाचलेले पैसे त्यातच जातात.

रेकॉर्डर आठ कोॲक्स चॅनेलचा आणि वर काही आयपी चॅनेल घेणारा हायब्रिड मागा. दुकानात त्याला एक्सव्हीआर म्हणतात. किती आयपी चॅनेल आणि किती मेगापिक्सेलपर्यंत घेतो, हे मॉडेलप्रमाणे बदलतं, तेवढं लेखी घ्या. तुमचा डीव्हीआर बंद पडण्याचं कारण उष्णताही असू शकतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि जिन्याखालच्या बंद लोखंडी पेटीत त्याहून जास्त. एसएमपीएस, डीव्हीआर आणि इन्व्हर्टर एकाच पेटीत कोंबलेले असतील, तर नवा रेकॉर्डरही दोन उन्हाळे काढणार नाही. पेटीला वर-खाली जाळी ठेवा, किंवा रेकॉर्डर कुणाच्या तरी घरात हलवा. लाइट गेल्यावर पीओई स्विच आणि रेकॉर्डर एकाच यूपीएसवर चालतात, ही आयपीची जमेची बाजू. कोॲक्समध्ये वेगवेगळ्या मजल्यांवर एसएमपीएस असतील, तर प्रत्येकाला बॅकअप द्यावा लागतो.

९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर-सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे, त्यामुळे जुना पडून असलेला माल सवलतीत कुणी पुढे केला, तर त्या मॉडेलचं प्रमाणपत्र आधी मागा. नव्या कोटेशनमध्ये केबल-मजुरी, कॅमेरे आणि रेकॉर्डर या ओळी वेगवेगळ्या लिहून घ्या, म्हणजे तपासणीत किती लाइनी वाचल्या त्याप्रमाणे केबलची ओळ कमी करता येईल. रेकॉर्डरचा ॲडमिन पासवर्ड सेक्रेटरींनी स्वतः टाकावा; इन्स्टॉलरला वेगळं युजर नाव करून द्यावं.