एजंटने काढलेलं तिकीट आणि गाडीच्या वेळेचा एसेमेस

"आईबाबांचं कुडाळ ते ठाणे तिकीट एजंटकडून काढलंय. गाडीची वेळ बदलली तर एसेमेस माझ्या मोबाईलवर यायला काय करावं लागेल? आणि त्यात काय काय लिहिलेलं असतं?"

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला, कारण माझ्या आईबाबांचं कणकवलीला हेच झालं होतं. गाडी रद्द झाली किंवा सुटायची वेळ बदलली की रेल्वेचा एसेमेस फक्त तिकीट काढताना टाकलेल्या नंबरवर जातो. आमच्या एजंटने स्वतःचा नंबर टाकलेला. मडगावहून ६ ला सुटणारी गाडी १० ला सुटणार असा मेसेज दुपारीच त्याच्याकडे आला, पण आम्हाला कोणीच सांगितलं नाही. दोघं साडेसातपासून फलाटावर बसून, बाबांना अंगात ताप, आणि चौकशीच्या खिडकीवर विचारलं की नुसतं "येईल, येईल". शेवटी बारा वाजता कंटाळून रिक्षाने घरी परत.

खरा फटका पुढेच. आपल्या स्टेशनवर गाडी ३ तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि आपण प्रवास केलाच नाही तर पूर्ण पैसे परत मिळतात, पण टीडीआर, म्हणजे रिफंड मागायचा ऑनलाइन अर्ज, गाडी तिथून प्रत्यक्ष सुटायच्या आत भरावा लागतो. एजंटच्या तिकिटाचा टीडीआर त्याच्याच लॉगिनमधून भरायचा, आणि रात्री त्याचा फोन बंद. सकाळी भरेपर्यंत मुदत संपलेली, सगळे पैसे गेले. शिवाय एजंटचं तिकीट रद्द केलं की रिफंडचा ओटीपीसुद्धा त्याच नंबरवर जातो, म्हणून मी तर म्हणेन एजंटसमोर बसूनच आपला नंबर टाकून घ्या. नंबर बरोबर पडलाय का हे लगेच कळतं: पीएनआर, गाडी नंबर, तारीख, डबा-बर्थ असा बुकिंगचा मेसेज पाच-दहा मिनिटांत तुमच्या फोनवर आला नाही तर नंबर चुकलाय समजा.

आता मेसेजमधल्या वेळेबद्दल, इथेच लोक फसतात. ती वेळ गाडी जिथून निघते तिथली असते, तुमच्या स्टेशनची नाही. मडगावहून ४ तास उशिरा निघाली की कणकवलीला ८ च्या जागी साधारण १२ धरायचे. आणि वाटेत होणाऱ्या उशिराचा मेसेज निदान मला तरी कधी आलेला नाही, त्यासाठी गाडी कुठे आहे ते दाखवणारं रेल्वेचं NTES ॲप स्वतःच उघडून बघावं लागतं. त्यात तारीख निवडताना गाडी मूळ स्टेशनवरून निघाली ती तारीख घ्या, मध्यरात्रीनंतर चढणारे हमखास आजची तारीख टाकतात आणि भलतीच गाडी बघत बसतात. १३९ ला पीएनआर पाठवला तर सीटची स्थिती कळते, गाडी कुठे आहे ते नाही.

विमानाचं तिकीट एजंटकडून काढलं तरी हीच काळजी घ्या, कारण बुकिंगच्या वेळी संपर्काची नीट माहिती दिली नसेल तर विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या डीजीसीएच्या नियमाप्रमाणे विमान रद्द झाल्याची भरपाई मिळत नाही.

नियम बदलत असतात, तेव्हा टीडीआरची मुदत आयआरसीटीसीवर एकदा बघून घ्या. आणि रिफंडच्या नावाने लिंक आली, यूपीआय पिन मागितला, तर तो मेसेज सरळ उडवा.